यकृताच्या टीबीए चाचणीत गुलाबीऐवजी नारिंगी रंग का येतो?

प्रश्न: विस्टार उंदरांच्या यकृताचे १० टक्के होमोजिनेट ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये केले आहे. टीबीए, म्हणजे थायोबार्बिट्युरिक आम्ल, घालून उकळल्यावर रंग गुलाबी न येता नारिंगी येतो आणि कंट्रोल गटाचे आकडेही फार मोठे येतात. रंग नेमका कोणते पदार्थ बिघडवतात, आणि आहेत त्या नमुन्यांचे काय करायचे?

उत्तर: नारिंगी रंगाचे मुख्य कारण तुमचे सुक्रोजच आहे. बाकीचे हस्तक्षेपही आहेत, पण सुक्रोज काढल्याशिवाय ते दिसणारसुद्धा नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लिपिडच्या ऑक्सिडेशनमधून बनणाऱ्या मॅलॉनडायअल्डिहाइडचा, म्हणजे एमडीएचा, एक रेणू आम्लात आणि उष्णतेत टीबीएच्या दोन रेणूंशी जोडला जातो आणि गुलाबी संयुग तयार होते. त्याचे शोषण ५३२ नॅनोमीटरला सर्वाधिक असते आणि मोलर शोषण गुणांक सुमारे १,५६,००० आहे. हा गुणांक मोठा असल्यामुळेच चाचणी इतकी संवेदनशील आहे: १ सेंमी क्युव्हेटमध्ये १ मायक्रोमोलर एमडीए ०.१५६ ओडी, म्हणजे प्रकाशशोषण, देते. पण टीबीए फक्त एमडीएलाच पकडत नाही. साधे अल्डिहाइड आणि शर्करांपासून बनणारे पदार्थ त्याच्याशी जोडले जाऊन पिवळा रंग देतात. त्याचे शिखर ४४० ते ४५५ च्या आसपास असते. शिखर दूर असले तरी उतार लांब असतो आणि पिवळा रंग खूप गडद झाला की त्याचे शेपूट ५३२ पर्यंत पोहोचते. गुलाबीत पिवळा मिसळला की डोळ्याला नारिंगी दिसतो.

सुक्रोजच्या बाबतीत घडते ते असे. गरम आम्लात त्याचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटतात. फ्रुक्टोजमधून पाणी निघून हायड्रॉक्सिमिथाइलफर्फ्युरल बनते आणि तेच टीबीएशी पिवळा रंग देते. अन्नपदार्थांमधले हे फर्फ्युरल मोजण्याची एक जुनी पद्धत याच अभिक्रियेवर आधारलेली आहे आणि तिचे वाचन ४४३ नॅनोमीटरला घेतात. म्हणजे तुमच्या नळीत एकाच वेळी दोन चाचण्या चालू आहेत, आणि दुसरीचा पदार्थ पहिलीपेक्षा कैक हजार पटींनी जास्त आहे.

हिशेब करून पाहा. १ मिलि होमोजिनेटमध्ये २ मिलि अभिकर्मक घातला, तर ०.२५ मोलर सुक्रोज नळीत ८३ मिलिमोलर होते. वनस्पतींच्या ऊतींसाठी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जी दुरुस्ती दिली, तिच्यात टीबीएसोबत तापवलेल्या सुक्रोजचा मोलर शोषणांक ५३२ ला ८.४ आणि ४४० ला १४७ धरला आहे. तोच आकडा सरळ लावला, तर ८३ मिलिमोलरमागे ५३२ ला ०.७० ओडी नुसत्या साखरेचा निघतो. तुमचे आम्ल, तापमान आणि वेळ वेगळी असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा वेगळा येईल, पण त्याची पातळी याच घरातली राहील. यकृतातल्या खऱ्या एमडीएचा ओडी याच्या निम्म्याहूनही कमी असणे सहज शक्य आहे.

आता ४४० चे वाचन घेऊन गणिताने साखर वजा करता येईल का? हॉजेस यांचे सूत्र असे आहे:

```
A = (A532 − A600)[+TBA] − (A532 − A600)[−TBA]
B = (A440 − A600)[+TBA] × 0.0571
MDA (nmol/ml) = (A − B) × 10^6 / 157000
```

यातला ०.०५७१ म्हणजे ८.४ भागिले १४७. हे गुणोत्तर १ ते १० मिलिमोलर साखरेसाठी काढलेले आहे. तुमच्या ८३ मिलिमोलरला त्याच हिशेबाने ४४० चा ओडी १२ च्या वर जायला हवा, आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर २ ते ३ च्या पुढे विश्वासाने वाचत नाही. त्याने दाखवलेला आकडा ही यंत्राची मर्यादा असते, साखरेचे माप नसते. त्यातून काढलेला B खूपच कमी येतो आणि दुरुस्ती केल्याचे समाधान मिळूनही उत्तर चुकीचेच राहते. पालेभाजी किंवा फळाच्या अर्कात, जिथे साखर मुळातच ऊतीत असते आणि ती काढून टाकता येत नाही, तिथे हे सूत्र उपयोगी पडते. यकृतात साखर आपण स्वतः ओतलेली असते, म्हणून ती न ओतणे हाच सरळ मार्ग आहे.

इथे ब्लँकबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो. टीबीए न घातलेला होमोजिनेट ब्लँक म्हणून वापरला की सगळा हस्तक्षेप वजा झाला असे धरले जाते. तो ब्लँक फक्त मूळचे रंग वजा करतो: हीम, बिलिरुबिन, गढूळपणा, औषधी अर्काचा रंग. साखरेचा पिवळा रंग टीबीएशिवाय तयारच होत नाही, त्यामुळे या ब्लँकमध्ये तो नसतो. त्यासाठी वेगळी नळी लागते: ऊतीशिवाय फक्त होमोजिनायझिंग द्रावण, त्यात टीबीए, आणि तितकाच वेळ उकळणे.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा, सुक्रोजमधल्या होमोजिनेटचा ५३२ चा ओडी ०.६१ आला, नुसत्या सुक्रोज द्रावणाचा टीबीएसह ०.३६, आणि टीबीएविना होमोजिनेटचा ०.०४. हे सगळे अभिकर्मकाच्या ब्लँकसमोर वाचलेले आहेत. काहीच वजा केले नाही, तर ०.६१ ला ०.१५६ ने भागून ३.९ मायक्रोमोलर येते. नळीतल्या ३ मिलिमध्ये ११.७ नॅनोमोल, आणि १ मिलि होमोजिनेटमध्ये ०.१ ग्रॅम ऊती असल्यामुळे ग्रॅममागे ११७ नॅनोमोल. दोन्ही वजा केले तर ०.२१ उरते, म्हणजे ग्रॅममागे ४० नॅनोमोल. जवळजवळ तिपटीचा फरक. टीबीएविना ब्लँकमध्ये गढूळपणा आधीच आलेला असतो, म्हणून त्यानंतर ६०० चे वाचन पुन्हा वेगळे वजा करू नका. करायचेच असेल तर वरच्या सूत्राप्रमाणे दोन्ही नळ्यांतून करा.

ही वजाबाकी कागदावर बरोबर दिसते, पण तिच्यावर निकाल उभारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. साखरेचा रंग उकळण्याच्या वेळेवर आणि बाथच्या तापमानावर फार अवलंबून असतो. नळी बाथच्या कडेला होती की मध्ये, एवढ्यानेही फरक पडतो. त्या ०.३६ मध्ये ०.०३ चा चढउतार झाला, तर ग्रॅममागे जवळजवळ ६ नॅनोमोल इकडचे तिकडे होतात. औषध दिलेल्या गटात आणि कंट्रोलमध्ये तुम्ही जो फरक शोधताय, तो कदाचित तेवढाच असेल.

आहेत त्या नमुन्यांबद्दल. यकृताचे तुकडे उणे ८० अंशांवर शिल्लक असतील, तर नव्याने होमोजिनेट करा. यापेक्षा चांगला उपाय नाही. फक्त सुक्रोजमधले होमोजिनेट उरले असेल आणि तुम्हाला मायटोकाँड्रिया किंवा मायक्रोसोमच मोजायचे असतील, तर त्यांचा गाळ १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये एकदा धुऊन त्यातच पुन्हा मिसळा. मात्र धुताना सायटोसोलमधला मोकळा एमडीए निघून जातो. तो आकडा त्या पडद्यांपुरताच सांगता येईल, संपूर्ण ऊतीचा म्हणून नाही. संपूर्ण होमोजिनेटचाच आकडा हवा असेल, तर उरतो एचपीएलसी. सी-१८ कॉलमवर मिथेनॉल आणि फॉस्फेट बफरमध्ये गुलाबी संयुग पिवळ्यापासून वेगळे काढायचे आणि ५३२ ला वाचायचे, किंवा फ्लुओरेसन्सवर ५३२ ला उद्दीपित करून ५५३ ला मोजायचे. नमुना दहा पट पातळ करून साखर सूत्राच्या मर्यादेत आणण्याचा विचार मनात येईल, पण मग एमडीएचा ओडी ०.०२ च्या आसपास उतरतो आणि साध्या यंत्रावर हाती काही लागत नाही.

नव्याने करताना क्रम असा ठेवा. यकृत काढण्याआधी पोर्टल शिरेतून बर्फासारखे थंड ०.९ टक्के सलाइन सोडा आणि यकृत फिकट होईपर्यंत रक्त धुऊन काढा. लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा आणि उणे ८० वर ठेवा. उणे २० वर लिपिडचे ऑक्सिडेशन थांबत नाही, आठवड्यांत आकडे चढतात. मोजायच्या दिवशी १ ग्रॅम ऊती ९ मिलि थंड १.१५ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये, ज्यात लोह पकडून ठेवणारे १ मिलिमोलर ईडीटीए आहे, बर्फावर होमोजिनाइझ करा. होमोजिनेट झाल्यावर चहाला जाऊ नका. पेशी फुटल्या की मोकळे लोह आणि ऑक्सिजन दोन्ही लिपिडला भिडतात.

अभिकर्मक ब्यूज आणि ऑस्ट यांचा सोपा आहे: १०० मिलिमध्ये १५ ग्रॅम ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, ०.३७५ ग्रॅम टीबीए आणि ०.२५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. टीबीए विरघळायला थोडे कोमट करावे लागते. काचेच्या नळीत १ मिलि होमोजिनेट, २ मिलि अभिकर्मक आणि ऑक्सिडेशन रोखणारे बीएचटी, इथेनॉलमधले १ टक्का, ३० मायक्रोलिटर टाका. बीएचटी अंतिम ०.०१ टक्के होते. तोंडावर काचेची गोटी ठेवून उकळत्या पाण्यात १५ मिनिटे ठेवा. घट्ट बूच लावू नका, गरम आम्ल उडेल. मग बर्फात थंड करा, १००० जी वर १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे स्वच्छ द्रावण वाचा. मूळ पद्धतीत वाचन ५३५ ला आहे, ५३२ ला घेतले तरी चालते. फक्त स्टँडर्डही त्याच तरंगलांबीला घ्या.

स्टँडर्डसाठी टेट्रामेथॉक्सिप्रोपेन वापरा. ते आम्लात तापवल्यावर एमडीए सोडते. १६.४ मिलिग्रॅम १० मिलि इथेनॉलमध्ये घेतले की १० मिलिमोलर साठा होतो. त्यातून त्याच पोटॅशियम क्लोराइडमध्ये १, २.५, ५ आणि १० मायक्रोमोलर बनवा आणि प्रत्येकाचे १ मिलि नमुन्यासारखेच उकळा. नळीत तिप्पट पातळ होत असल्यामुळे ओडी अनुक्रमे सुमारे ०.०५, ०.१३, ०.२६ आणि ०.५२ यायला हवेत. यापेक्षा बरेच कमी आले, तर बाथ खरोखर उकळतेय का आणि टीबीए पूर्ण विरघळला होता का, हे आधी पाहा.

सुक्रोज गेल्यावर यकृतात उरणाऱ्या हस्तक्षेपांत रक्ताला मी पहिले स्थान देतो. हिमोग्लोबिनचा स्वतःचा रंग ५४० च्या आसपास शोषतो. तो बराचसा प्रथिनांसोबत गाळात बसतो आणि उरलेला टीबीएविना ब्लँकमध्ये जातो. खरा त्रास त्यातल्या लोहाचा आहे. उकळताना ते लिपिड हायड्रोपेरॉक्साइड फोडते आणि नळीतच नवा एमडीए तयार होतो. तो एमडीए खराच असतो, रंगही खरा गुलाबी, शिखरही ५३२ लाच. म्हणून कोणताही ब्लँक किंवा एचपीएलसी त्याला पकडू शकत नाही. त्याला आवर घालतात ते धुतलेले यकृत, ईडीटीए आणि बीएचटी.

बीएचटीबाबत आणखी एक गोष्ट, कारण आपल्याकडे वनस्पतींचे अर्क देऊन यकृताचे संरक्षण तपासणारे प्रयोग खूप होतात. बीएचटी घातले नाही, तर उकळत्या नळीत ऑक्सिडेशन मोकाट चालते. ज्या नमुन्यात अर्कातले फिनॉल उरलेले आहेत, त्यात ते कमी चालते. मग अर्काच्या गटात एमडीए कमी आलेला दिसतो, पण ते संरक्षण उंदराच्या शरीरात झाले की परीक्षानळीत, हे सांगता येत नाही. सगळ्या नळ्यांत पुरेसे आणि सारखे बीएचटी घातले की हा फरक बराचसा मिटतो. अर्क थेट होमोजिनेटमध्ये घालून चाचणी करत असाल, तर रंगाचाही प्रश्न येतो. कोकम किंवा जांभळातले अँथोसायनिन आम्लात लालभडक होते आणि ५२० च्या जवळ शोषते. हळदीतले कर्क्युमिन ४२५ च्या आसपास शोषते, म्हणजे पिवळ्याच्या बाजूला. इथे टीबीएविना ब्लँक प्रत्येक मात्रेसाठी वेगळा हवा, एकच ब्लँक सगळ्यांना चालणार नाही.

साखरेचा प्रश्नही बफर बदलल्याने पूर्ण संपत नाही. भरपेट उंदराच्या यकृतात ५ टक्क्यांच्या आसपास ग्लायकोजेन असते. ०.१ ग्रॅम ऊतीत ते ५ मिलिग्रॅम झाले, आणि सगळे ग्लुकोजमध्ये मोडले तर नळीत सुमारे १० मिलिमोलर. ग्लुकोज फ्रुक्टोजपेक्षा बरेच कमी रंग देते, त्यामुळे सुक्रोजइतकी भीती नाही. पण एक गट उपाशी आणि दुसरा खाल्लेला असला, किंवा मधुमेही उंदरांची तुलना असली, तर पिवळ्या तळाची पातळी दोन्ही गटांत वेगळी पडते. म्हणून सगळ्या उंदरांना सारखेच तास उपाशी ठेवा. दारू देऊन केलेल्या प्रयोगात सुक्रोज तर मुळीच नको: ॲसिटाल्डिहाइड आणि सुक्रोज एकत्र टीबीएसोबत तापले की ५३२ लाच शोषणारा रंग देतात, आणि तो नजरेला एमडीएपासून वेगळा ओळखता येत नाही.

सायलिक आम्लाचे नाव हस्तक्षेपांच्या प्रत्येक यादीत असते. त्याचा ५४९ चा तीव्र रंग मुळात आधी पेरायोडेटने ऑक्सिडेशन केल्यावर येतो. तुमच्या नळीत पेरायोडेट नाही, त्यामुळे यकृतात त्याची चिंता कमी. डीऑक्सिरायबोजवर लोहाच्या मदतीने हायड्रॉक्सिल मूलकांचा हल्ला झाला, तर मात्र लिपिडशी संबंध नसलेला खरा एमडीए निघतो.

हे सगळे ओळखायचे कसे? एका वाचनावर थांबू नका. प्रत्येक गटातल्या किमान एका नमुन्याचा ४०० ते ६५० पर्यंत स्कॅन घ्या आणि स्टँडर्डच्या स्कॅनवर ठेवून पाहा. एमडीएचे शिखर टोकदार असते, ५३२ च्या डावीकडे ५०० च्या जवळ एक खांदा असतो आणि ५६० नंतर रेषा झपाट्याने खाली येते. ४५० पासून लांब घसरगुंडी उतरत येऊन तिच्यावर ५३२ चा छोटा उंचवटा बसलेला दिसला, तर साखर किंवा इतर अल्डिहाइड आहेत. शिखर ५४० कडे सरकलेले असेल, तर रक्त. सगळी रेषाच उचललेली असून ६०० लाही खाली येत नसेल, तर गढूळपणा आहे. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा.

उतार सौम्य असेल तर ५३२ च्या वाचनातून ५१० आणि ५५४ च्या वाचनांची सरासरी वजा करता येते. पण ही वजाबाकी स्टँडर्डमधूनही तशीच करावी लागते, कारण शुद्ध एमडीएचे संयुगही ५१० ला शोषते. नमुन्यातून सरासरी वजा करून १,५६,००० ने भागले, तर उत्तर कमी येते. शिवाय ही दुरुस्ती तळाची रेषा सरळ आहे असे धरून चालते. सुक्रोजच्या वाकड्या उतारावर ती टिकत नाही.

शेवटची तपासणी परत मिळणाऱ्या एमडीएची. एकाच होमोजिनेटच्या दोन नळ्या घ्या. एकीत २० मायक्रोमोलर स्टँडर्डचे ०.१ मिलि, म्हणजे २ नॅनोमोल, आणि दुसरीत ०.१ मिलि पाणी घाला. दोन्हींतला फरक सुमारे ०.१० ओडी यायला हवा. ०.०७ च आला तर ऊतीतले काहीतरी एमडीए पकडून ठेवते आहे. बहुधा गाळात गेलेली प्रथिने. ०.१३ आला तर पिपेट आणि बाथ तपासा, कारण रंग आपोआप वाढायला इथे दुसरे सबळ कारण नाही.

आकडे लिहिताना ‘एमडीए’ असे न लिहिता ‘टीबीएशी अभिक्रिया करणारे पदार्थ, एमडीए समतुल्य, नॅनोमोल प्रति ग्रॅम ओली ऊती’ असे लिहा आणि सोबत होमोजिनायझिंग द्रावण, बीएचटीचे प्रमाण, उकळण्याची वेळ आणि वापरलेले ब्लँक नोंदवा. ओहकावांच्या १९७९ च्या पद्धतीत एसडीएस आणि ॲसेटिक आम्लात ९५ अंशांवर ६० मिनिटे तापवून ब्युटेनॉल-पिरिडिनमध्ये रंग काढतात. तिचे आकडे आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात १५ मिनिटे उकळून आलेले आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवू नका. आम्ल, वेळ आणि लिपिड उघडे पडण्याची पद्धत तिन्ही वेगळे असल्यामुळे ते एकाच यकृतावरही जुळत नाहीत.